थकलेले बिल आणि सौजन्याचा तगादा

माल वेळेवर पोहोचला, बिल गेले, उधारीची मुदतही उलटली. पैसे मात्र खात्यात जमा झालेले नाहीत. छोट्या उद्योजकाला हा अनुभव नवा नाही. अशा वेळी बहुतेक जण दोन टोकांपैकी एक गाठतात. काही जण 'ग्राहक दुखावेल' या भीतीने महिना-दोन महिने गप्प बसतात, तर काही जण संतापाच्या भरात चार ओळींची कडक ई-मेल पाठवून मोकळे होतात. पहिल्या प्रकारात पैसे अडकतात आणि दुसऱ्या प्रकारात संबंध. वास्तविक थकबाकीची आठवण करून देणारे पत्र हा व्यवहाराचाच एक भाग आहे. ते कसे लिहावे, केव्हा पाठवावे आणि त्यातून नेमके काय साधावे, याचे काही ठोस आडाखे आहेत.

त्यातला सर्वांत महत्त्वाचा आडाखा असा, की पहिल्या पत्राचा हेतू पैसे मागणे एवढाच नसतो. समोरून लेखी उत्तर मिळवणे हाही असतो, आणि बहुधा तोच अधिक मोलाचा ठरतो. पैसे का अडले आहेत हे त्या उत्तरातून कळते. पुढे वाद झालाच, तर तेच उत्तर पुरावा म्हणून उभे राहते.

लिहिण्यापूर्वी आपली वही तपासावी

उदाहरणादाखल पुण्याजवळच्या भोसरी औद्योगिक वसाहतीतील एका लघुउद्योगाचा व्यवहार घेऊ. या कारखान्याने एका मोठ्या कंपनीला प्रत्येकी ४०० रुपयांचे ५०० सुटे भाग पुरवले. किंमत दोन लाख रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३६ हजार, म्हणजे एकूण बिल २ लाख ३६ हजार रुपयांचे. बिलाची तारीख ६ जानेवारी आणि माल पोहोचला ८ जानेवारीला. पर्चेस ऑर्डरमध्ये 'माल मिळाल्यापासून ३० दिवस' अशी मुदत लिहिलेली होती. त्यानुसार ७ फेब्रुवारी ही देय तारीख ठरते.

इथे पहिली चूक संभवते ती तारखेच्या हिशेबात. मुदत बिलाच्या तारखेपासून मोजायची, माल पोहोचल्यापासून, की माल तपासून स्वीकारल्यापासून, हे पर्चेस ऑर्डर वाचल्याखेरीज सांगता येत नाही. पुरवठादार बिलाच्या तारखेपासून दिवस मोजतो आणि ग्राहक स्वीकृतीपासून. मग 'थकले' की 'अजून थकले नाही' यावरच वाद सुरू होतो. म्हणून पत्र लिहिण्यापूर्वी पर्चेस ऑर्डर, बिल आणि ग्राहकाच्या सही-शिक्क्याचे डिलिव्हरी चलन ही तीन कागदपत्रे समोर ठेवावीत. बँकेचे खाते त्याच दिवशी पाहावे. पैसे जमा झालेले असताना गेलेला तगादा पुढच्या दहा पत्रांची पत घालवतो.

आणखी एक गोष्ट तपासण्याजोगी असते. मोठ्या कंपन्यांत बिल अडण्याचे कारण पैशांची चणचण हेच असते असे नाही. बिलावरील पर्चेस ऑर्डरचा क्रमांक चुकलेला असतो. गोदामाने माल मिळाल्याची नोंद, म्हणजे 'जीआरएन', केलेली नसते. किंवा पुरवठादाराचे जीएसटी विवरणपत्र वेळेत न गेल्यामुळे ग्राहकाला कराची वजावट दिसत नसते. यांतील काही दोष आपल्याच बाजूचे असतात. ते आधी दुरुस्त केलेले बरे.

पहिले पत्र : विचारणा

देय तारखेनंतर चार-पाच दिवस थांबून पहिली ई-मेल पाठवावी. बँकेची सुट्टी किंवा ग्राहकाचे पैसे सोडण्याचे ठरलेले वार यांमुळे होणारा किरकोळ विलंब तेवढ्यात निभावून जातो. वरील व्यवहारात १२ फेब्रुवारीला गेलेली ई-मेल अशी असू शकते :

> विषय : बिल क्र. ११७, दि. ६ जानेवारी, रु. २,३६,००० – देय तारीख ७ फेब्रुवारी
>
> माननीय लेखा व्यवस्थापक महोदय,
>
> स. न. वि. वि.
>
> वरील बिलाची रक्कम आज, १२ फेब्रुवारीपर्यंत, आमच्या खात्यात जमा झालेली आढळत नाही. माल ८ जानेवारीस आपल्या गोदामात पोहोचला असून पर्चेस ऑर्डरनुसार ३० दिवसांची मुदत ७ फेब्रुवारीस पूर्ण झाली. बिल, पर्चेस ऑर्डर व सही-शिक्क्याच्या चलनाची प्रत सोबत जोडली आहे.
>
> हे बिल आपल्याकडे मंजूर झाले आहे का, आणि रक्कम कोणत्या तारखेस पाठवली जाईल, हे कृपया १६ फेब्रुवारीपर्यंत कळवावे. काही त्रुटी असल्यास तीही कळवावी. आम्ही त्वरित दूर करू. रक्कम यापूर्वीच पाठवली असल्यास यूटीआर क्रमांक कळवावा, म्हणजे बँकेकडे चौकशी करता येईल.
>
> आमचे बँक खाते बिलावर छापलेलेच आहे, त्यात बदल नाही.
>
> आपला विश्वासू

या पत्रात एकही कठोर शब्द नाही, तरीही ते मिळमिळीत नाही. त्याचा ठामपणा तपशिलात आहे. विषयाच्या ओळीतच बिलाचा क्रमांक, रक्कम आणि देय तारीख आल्याने लेखा विभागातील कारकुनाला शोधाशोध करावी लागत नाही. तीन आठवड्यांनी त्याने 'बिल ११७' असे शोधले, तरी हीच मेल सापडते. नुसते 'स्मरणपत्र' किंवा 'पेमेंटबाबत' असे विषय लिहिलेली मेल मात्र शेकडो मेलच्या ढिगात हरवते.

दुसरे असे, की पत्रात दोनच प्रश्न आहेत आणि दोन्हींचे उत्तर एका ओळीत देता येते. 'कृपया लक्ष घालावे' या वाक्याला उत्तर देण्याची गरज कोणालाच वाटत नाही. 'मंजूर झाले आहे का आणि कोणत्या तारखेस' या प्रश्नाला ती वाटते. पैसे आधीच पाठवले असल्यास 'पत्राकडे दुर्लक्ष करावे' असे लिहिण्याची प्रथा आहे. त्याऐवजी यूटीआर क्रमांक मागितला, तर तिथेही उत्तर देणे भाग पडते.

बँक खात्याविषयीचे वाक्य वरवर अनावश्यक वाटेल. तथापि पुरवठादाराच्या नावाने बनावट मेल पाठवून 'आमचे खाते बदलले आहे' असे कळवणे आणि रक्कम भलत्याच खात्यात वळवणे, हा फसवणुकीचा सर्रास प्रकार झाला आहे. थकबाकीची आठवण करून देणारी मेल हे त्याचे सोयीचे सोंग असते. त्यामुळे अशा पत्रात नवे खाते कधीही देऊ नये. खाते खरोखरच बदलले असेल, तर ते स्वतंत्र पत्राने कळवून फोनवर खात्री करून द्यावी.

शब्दांची पारख

मराठीत असे पत्र लिहिताना काही शब्द हमखास घात करतात. 'वारंवार कळवूनही आपण दुर्लक्ष करीत आहात' हे वाक्य वाचणाऱ्यावर आरोप ठेवते. वाचणारा बहुधा महिना पगारावर काम करणारा लेखनिक असतो. बिल त्याने अडवलेले नसते. आरोप झाला, की तो मदत करण्याऐवजी बचाव करू लागतो. 'आपण पैसे दिले नाहीत' या ऐवजी 'रक्कम जमा झालेली आढळत नाही' असे लिहिले, तर वस्तुस्थिती तीच राहते आणि बोट कोणाकडे रोखले जात नाही.

उलट बाजूला 'सवडीने पाहावे', 'जमल्यास या महिन्यात द्यावे', 'त्रास देत असल्याबद्दल क्षमस्व' ही वाक्ये सौजन्याची वाटली तरी ती मागणी पातळ करतात. आपलेच पैसे मागताना क्षमा मागण्याचे कारण नाही. 'लवकरात लवकर' हा शब्दप्रयोगही असाच फसवा. तो घाईचा आव आणतो, पण तारीख सांगत नाही. ज्या पत्रात तारीख नाही, त्याची मुदत कधीच संपत नाही.

पहिल्याच मेलची प्रत ग्राहकाच्या व्यवस्थापकीय संचालकांना पाठवण्याचा मोहही टाळावा. लेखनिकाला उत्तर देण्याची संधी मिळण्यापूर्वीच त्याची तक्रार झाली, तर पुढची बिलेही त्याच टेबलावरून जाणार आहेत, हे विसरून चालत नाही. मात्र पत्र असे लिहावे, की ते जसेच्या तसे वरिष्ठांकडे गेले तरी एकाही शब्दाबद्दल संकोच वाटू नये.

उत्तर आले, आता दुसरे पत्र

आपल्या उदाहरणात १४ फेब्रुवारीला उत्तर आले, असे धरू. गोदामाच्या नोंदीत ५०० ऐवजी ४९० भाग दिसत होते, म्हणून बिल 'होल्ड'वर होते. महिनाभर पैसे अडण्याचे कारण दहा सुट्या भागांचा फरक एवढेच निघाले. विचारल्याखेरीज ते कोणी सांगितले नसते.

आता पुरवठादारापुढे दोन मार्ग असतात. सहीच्या चलनावर ५०० भाग लिहिलेले असतील, तर ते दाखवून नोंद दुरुस्त करून घ्यावी. खरोखरच दहा भाग कमी गेले असतील, तर तेवढ्यांची क्रेडिट नोट द्यावी. दोन्हींना काही दिवस लागतात, आणि तोवर सगळे बिल अडून राहते. म्हणून दुसऱ्या पत्रात वादाचा भाग आणि निर्विवाद भाग वेगळे करावेत. दहा भागांची किंमत चार हजार, त्यावरील कर ७२० रुपये. म्हणजे वादाची रक्कम ४,७२० रुपये. उरलेल्या २,३१,२८० रुपयांबद्दल ग्राहकाचा काहीच आक्षेप नाही.

> आपल्या १४ फेब्रुवारीच्या उत्तराबद्दल आभार. आपल्या गोदामाच्या सही-शिक्क्याच्या चलनावर ५०० नगांची नोंद आहे. प्रत सोबत जोडली आहे. दहा नगांची पडताळणी होईपर्यंत त्यांची रक्कम रु. ४,७२० बाजूला ठेवून, ज्याबद्दल वाद नाही ती रु. २,३१,२८० ची रक्कम २५ फेब्रुवारीच्या देयकांत सोडावी, ही विनंती. तसे निश्चित झाल्याचे कृपया २० फेब्रुवारीपर्यंत कळवावे.

२५ तारीख इथे सहज निवडलेली नाही. अनेक कंपन्या महिन्यातील ठरावीक दिवशीच पैसे सोडतात. ते दिवस विचारून घेऊन त्यानुसार तारीख मागितली, तर 'आता पुढच्या फेरीत' हे उत्तर टळते. समजा, लेखा विभागाने '२५ तारखेला २,३१,२८० रुपये पाठवतो' असे लिहून दिले. ही एक ओळ पुरवठादाराच्या हातातील सर्वांत मौल्यवान कागद आहे. त्याचे कारण कायद्यात आहे.

कबुलीचे मोल

विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा लावण्यास मुदत कायदा, १९६३ नुसार तीन वर्षे मिळतात. उधारीची मुदत ठरलेली असेल, तर ती संपल्यापासून ही तीन वर्षे मोजली जातात. पुष्कळांची अशी समजूत असते, की दर सहा महिन्यांनी स्मरणपत्र पाठवत राहिले की दावा जिवंत राहतो. ही समजूत चुकीची आहे. आपण पाठवलेल्या पत्रांनी मुदत एका दिवसानेही वाढत नाही. ती वाढते देणेकऱ्याच्या कबुलीने. मुदत संपण्यापूर्वी त्याने देणे लेखी मान्य केले, किंवा काही रक्कम देऊन तशी लेखी नोंद ठेवली, तर त्या दिवसापासून तीन वर्षांची नवी मुदत सुरू होते. शंभर स्मरणपत्रांपेक्षा समोरून आलेली एक ओळ भारी पडते ती यामुळे.

ई-मेललाही माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेख म्हणून मान्यता आहे. मात्र न्यायालयात नुसती छापील प्रत पुरेशी ठरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार तिच्यासोबत विहित नमुन्यातील प्रमाणपत्र द्यावे लागते. म्हणून मूळ मेल पुसू नये आणि उत्तरे एकाच साखळीत ठेवावीत. फोनवर झालेले बोलणेही त्याच दिवशी मेलने कळवावे. 'आज दुपारी दूरध्वनीवर ठरल्याप्रमाणे आपण २५ तारखेस रक्कम पाठवत आहात' एवढे वाक्य पुरते; मात्र त्यालाही 'होय' असे उत्तर मिळवायला हवे.

तिसरे पत्र : ठाम, तरीही शांत

२५ फेब्रुवारी उलटली, पैसे आले नाहीत. १० मार्चला बिल ३१ दिवस थकलेले आहे. आता कायद्याचा उल्लेख करण्याची वेळ आली. तो पहिल्या पत्रात केला असता तर धमकी वाटली असती. तिसऱ्या पत्रात तो हिशेबाचा भाग म्हणून येतो.

सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ च्या कलम १५ नुसार सूक्ष्म किंवा लघुउद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, आणि करारात काहीही लिहिले तरी ही मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांहून अधिक असू शकत नाही. मुदत लेखी ठरलेलीच नसेल, तर १५ दिवसांत पैसे देणे अपेक्षित आहे. मालाबद्दल १५ दिवसांत लेखी आक्षेप आला नाही, तर माल पोहोचल्याचा दिवस हाच स्वीकृतीचा दिवस मानला जातो. आपल्या उदाहरणात दहा नगांचा आक्षेप २३ जानेवारीपर्यंत यायला हवा होता. तो आला १४ फेब्रुवारीला, आणि तोही विचारल्यावर.

विलंब झाल्यास कलम १६ नुसार रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. बँक रेट साडेपाच टक्के धरला, तर व्याजाचा दर साडेसोळा टक्के होतो. २,३१,२८० रुपयांवर पहिल्या महिन्याचे व्याज सुमारे ३,१८० रुपये भरते. लिहिण्याच्या दिवशीचा बँक रेट पाहूनच हा आकडा काढावा.

> आपल्या पत्रातील आश्वासनानुसार रु. २,३१,२८० ची रक्कम २५ फेब्रुवारीस येणे अपेक्षित होते. ती अद्याप जमा झालेली नाही. आमचा उद्योग 'उद्यम' नोंदणीकृत लघुउद्योग असून प्रमाणपत्र सोबत आहे. २००६ च्या अधिनियमानुसार ८ फेब्रुवारीपासून व्याज लागू झाले आहे. मूळ रक्कम १७ मार्चपर्यंत जमा झाल्यास आम्ही व्याजाची मागणी करणार नाही. तोपर्यंत नवीन माल आगाऊ रकमेवरच पाठवता येईल, याची कृपया नोंद घ्यावी. आपला व्यवहार पूर्ववत व्हावा अशीच आमची इच्छा आहे.

या पत्राची प्रत खरेदी विभागाच्या प्रमुखांना आणि वित्तप्रमुखांना पाठवावी. उधारी थांबवण्याचे वाक्य मात्र खरोखर तसे करायची तयारी असेल तरच लिहावे. एकदा लिहून माल पाठवला, की पुढच्या कोणत्याही तारखेला अर्थ उरत नाही.

वित्तप्रमुखांना लागू पडणारा आणखी एक मुद्दा आहे. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात अशी तरतूद आणली, की सूक्ष्म आणि लघुउद्योगांची बिले या मुदतीत न दिल्यास त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच मिळते. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यातही ती कायम आहे. म्हणजे जानेवारीच्या या खरेदीचे पैसे ३१ मार्चनंतर दिले, तर ग्राहकाला वजावटीसाठी पुढच्या आर्थिक वर्षापर्यंत थांबावे लागेल. मार्चमधील पत्रात हे एका वाक्यात आणि माहिती म्हणून लिहिले, तर ते ग्राहकाच्याच हिताचे ठरते.

कायद्याच्या मर्यादा

हे संरक्षण सर्वांना नाही. ते सूक्ष्म आणि लघु उत्पादकांना व सेवा देणाऱ्यांना आहे. मध्यम उद्योगांना नाही. व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून 'उद्यम' नोंदणी खुली झाली, पण ती बँकांच्या अग्रक्रम कर्जापुरती. विलंबित देयकांचे लाभ त्यांना मिळत नाहीत. शिवाय नोंदणी ऑर्डर घेण्यापूर्वीच झालेली असावी. नंतर केलेली नोंदणी मागच्या व्यवहारांना लागू होते का, यावर न्यायालयांत वाद झडले आहेत.

१७ मार्चही उलटली, तर कलम १८ नुसार राज्याच्या सुकरता परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. आधी समेटाचा प्रयत्न होतो, नंतर लवाद. कायद्यात ९० दिवसांत निर्णयाची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात अधिक काळ लागू शकतो. निर्णय विरुद्ध गेल्यास त्याला आव्हान देण्यापूर्वी ग्राहकाला ७५ टक्के रक्कम भरावी लागते. मोठ्या कंपनीचा वित्त विभाग हे जाणून असतो. म्हणूनच तिसऱ्या पत्रात परिषदेची धमकी देण्याची गरज नसते. 'उद्यम' प्रमाणपत्राची प्रत पुरेशी बोलते.

अशा परिषदेपुढे किंवा न्यायालयापुढे हीच तीन पत्रे एकामागून एक वाचली जातात. बिल केव्हा गेले, आक्षेप केव्हा आला, वादाची रक्कम किती, आश्वासन कोणी दिले, हा सगळा क्रम त्यांतूनच उलगडतो. रागाने लिहिलेले एखादे वाक्य तिथे लिहिणाऱ्याच्याच अंगाशी येते.

पैसे जमा झाले, की त्याच दिवशी रक्कम आणि यूटीआर क्रमांक लिहून आभाराची दोन ओळींची मेल पाठवावी आणि राहिलेल्या ४,७२० रुपयांचा प्रश्न त्याच साखळीत निकाली काढावा. पुढच्या ऑर्डरच्या वेळी नगांची मोजणी गोदामाच्या दारातच करून जीआरएनची प्रत चालकासोबत परत मागवावी. ज्या दहा भागांनी सव्वादोन लाखांहून अधिक रक्कम अडवली, ते पुन्हा आड येत नाहीत.